शेपटाच्या नोंदी: द्राक्षबागेच्या फोटोंमागचे जास्तीचे बाइट

१४ ऑक्टोबर २०२४, सोमवार

दसऱ्याच्या सुट्टीनंतरचा पहिला दिवस. आल्या आल्या पाहिलं तर सर्व्हरची डिस्क ९१ टक्के भरलेली. दिंडोरी आणि निफाडकडे गोडी छाटण्या सुरू आहेत, काही बागा कोंब फुटण्याच्या पोंगा अवस्थेत आहेत आणि पाऊस काही जायचं नाव घेत नाही. त्यामुळे आमच्या सल्ला-ॲपवर पानांचे फोटो धो धो येताहेत. फोटो लहान करून ठेवण्याची सोय आम्ही मुद्दाम केलेली नाही. डाऊनी या रोगाची पांढरी बुरशी पानाच्या खालच्या बाजूला असते आणि सल्लागार सर तिथे झूम करून बघतात. फोटो दाबला की ती पांढरी लव आणि फवारणीचे डाग एकसारखे दिसू लागतात. म्हणून मूळ फाइल जशी आली तशी ठेवायची, हा नियम.

एकूण ११,२४० फाइली, साधारण ५२ जीबी. आकारानुसार लावून पाहताना एक गोष्ट खटकली. पिंपळगाव बसवंतच्या एका बागेतून एकाच फोनवरून, पाच मिनिटांच्या आत, सारख्याच पानाचे दोन फोटो आले आहेत. एक ३२ लाख बाइटांचा, दुसरा ६८ लाखांचा. रुंदी-उंची तीच, गुणवत्तेची सेटिंग तीच. मग दुसऱ्यात दुप्पट काय आहे?

संध्याकाळी घाईने पहिला प्रयोग केला. जेपेग फाइल `FF D8` ने सुरू होते आणि `FF D9` ने संपते, एवढं आठवत होतं. तेव्हा पहिला `FF D9` शोधला. तो सापडला २१ हजाराव्या बाइटच्या आसपास. म्हणजे ६८ लाखांपैकी जवळजवळ सगळेच बाइट 'फोटो संपल्यानंतरचे'! असं कसं असेल? नीट पाहिल्यावर लक्षात आलं की तो शेवट आतल्या लघुचित्राचा होता. कॅमेरा एक्झिफच्या, म्हणजे वेळ-ठिकाण अशी फोटोची माहिती ठेवण्याच्या, खणात एक छोटं जेपेग ठेवतो, त्याला स्वतःचा `FF D8` आणि स्वतःचा `FF D9` असतो.

मग उलटीकडून, म्हणजे शेवटचा `FF D9` शोधला. तो फाइलच्या अगदी टोकाजवळ निघाला, म्हणजे जास्तीचं जवळपास काहीच नाही. दोन उत्तरं, दोन्ही चुकीची. घरी.

१५ ऑक्टोबर

चूक कुठे होती ते सकाळी चहा पिताना डोक्यात आलं. दाबलेल्या डेटात बाइट जवळजवळ यादृच्छिक असतात. दोन बाइटांची ठरावीक जोडी सरासरी दर ६५,५३६ बाइटांमागे एकदा आपोआप उगवणारच. ३६ लाख बाइटांचं अनोळखी शेपूट असेल तर त्यात पन्नासेक खोटे `FF D9` मिळतील. तेव्हा शोधून भागणार नाही, फाइल वाचत वाचत जायला हवं.

जेपेगची रचना त्यासाठी सोयीची आहे. प्रत्येक खण `FF` आणि एका खुणेच्या बाइटने सुरू होतो, पुढचे दोन बाइट त्या खणाची लांबी सांगतात. लांबी वाचायची आणि तेवढी उडी मारायची. लघुचित्र एक्झिफच्या खणात असल्याने उडीतच ओलांडलं जातं, त्याचा `FF D9` नजरेला पडतच नाही. अडचण फक्त `FF DA` नंतर येते. तिथून खरा चित्राचा डेटा सुरू होतो आणि त्याची लांबी कुठेही लिहिलेली नसते. पण जेपेग करणाऱ्यांनी याची तजवीज करून ठेवली आहे: डेटात `FF` आला की त्याच्यामागे `00` घालायचा. म्हणून चित्राच्या डेटात `FF` नंतर `00` किंवा `D0` ते `D7` सोडून काही दिसलं, तर ती खरी खूण.

```python
def jpeg_end(b):
    i = 2
    while i + 1 < len(b):
        if b[i] != 0xFF:
            return None
        m = b[i+1]
        if m == 0xFF:
            i += 1
            continue
        if m == 0xD9:
            return i + 2
        i += 2 + int.from_bytes(b[i+2:i+4], "big")
        if m == 0xDA:
            while i + 1 < len(b) and not (
                b[i] == 0xFF and b[i+1] != 0
                and not 0xD0 <= b[i+1] <= 0xD7):
                i += 1
    return None
```

एक बाब लक्षात ठेवण्यासारखी. पहिल्या `FF DA` चा डेटा संपला की फाइल संपली, असं धरायचं नाही. टप्प्याटप्प्याने उमटणाऱ्या प्रोग्रेसिव्ह जेपेगमध्ये असे अनेक फेरे असतात, म्हणून वरचा लूप `D9` मिळेपर्यंत चालत राहतो. आणि `None` आलं तर शेपूट नाही असा अर्थ नव्हे. फाइल अर्धवट आहे किंवा बिघडलेली आहे, तिचा गठ्ठा वेगळा.

कालच्या फोटोवर चालवलं. एकूण ६८,४२,११३ बाइट. चित्र संपतं ३२,१४,९०७ वर. उरलं ३६,२७,२०६ बाइटांचं शेपूट. फोटो दाखवणारा साधा प्रोग्राम `FF D9` पाशी थांबतो आणि पुढचं बघतच नाही, म्हणून इतके दिवस कुणाला पत्ता नव्हता.

१७ ऑक्टोबर

शेपूट कापून वेगळं काढलं.

```
tail -c +3214908 pan.jpg > sheput.bin
xxd -g 1 sheput.bin | head -1
```

पहिल्याच ओळीत `00 00 00 18 66 74 79 70`. शेवटचे चार बाइट म्हणजे `ftyp`, एमपी४ व्हिडिओची सुरुवात. फाइलचं नाव `sheput.mp4` केलं आणि ती चालली. तीन सेकंदांची चित्रफीत, पानाकडे जाणारा हात, थोडा हलणारा कॅमेरा. आणि आवाज. मागे कुणीतरी औषध दुकानदाराच्या उधारीबद्दल बोलत होतं, आकड्यासकट.

मी लगेच बंद केलं, पण चैन पडेना. हा 'हलता फोटो' आहे. फोनमध्ये ती सोय सुरू असली की बटण दाबण्याच्या आधीचे एक-दोन सेकंदही नोंदले जातात आणि ती चित्रफीत जेपेगच्या मागे चिकटवली जाते. ज्याने फोटो पाठवला त्याच्या मते त्याने पानाचा फोटो पाठवला. आम्ही मात्र वर्षभर लोकांच्या बांधावरची बोलणी साठवत बसलो होतो.

फोटो व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा पाठवला तर तो नव्याने दाबला जातो आणि शेपूट वाटेतच गळतं. तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो. आमच्या ॲपमधून थेट मूळ फाइल येते, म्हणून सगळं शाबूत.

यातून एक कामाची गोष्ट कळली. ही चित्रफीत लपवलेली नाही. फाइलच्या पुढच्या भागात, एक्सएमपी या फोटोबद्दलच्या माहितीच्या आणखी एका खणात, `GCamera:MotionPhoto="1"` असं लिहिलेलं आहे. त्याखाली भागांची यादी आहे आणि व्हिडिओच्या भागापुढे `Item:Length="3627206"`. माझ्या लूपने मोजलेला आकडा आणि हा आकडा बाइटला बाइट जुळला. म्हणजे फाइल स्वतःच सांगते की माझ्यामागे अमुक इतकं सामान आहे.

यापुढे प्रत्येक शेपटाला हाच पहिला प्रश्न: पुढच्या भागात त्याची कबुली आहे का? जास्तीचे बाइट असणं ही काही गुन्ह्याची खूण नाही. कबुली आहे आणि लांबी जुळते, तर ते कॅमेऱ्याचं काम. कबुली नाही, किंवा जुळवणी करूनही काही बाइट उरतात, तर तिथे वेळ घालवायचा.

२० ऑक्टोबर, रविवार

घरून काम. सगळ्या १०,६५५ जेपेगांवर लूप रात्रभर चालवला (पायथनमध्ये एकेक बाइट चालायचं म्हणजे बैलगाडीच, पण घाई नव्हती). ३,११८ फाइलींना शेपूट आहे. हलते फोटो त्यात ७०२ निघाले. ४४१ फाइलींच्या मागे आणखी एक जेपेग आहे आणि त्याची कबुली पुढे `MPF` नावाच्या खणात आहे. ही कॅमेऱ्याची एकात-अनेक-चित्रं ठेवण्याची पद्धत. नव्या फोनांत मागचं चित्र बहुधा पडद्यावरचा उजळपणा वाढवण्यासाठीचा नकाशा असतं. त्यांना हात लावला नाही.

सर्वात मोठा गठ्ठा मात्र इवल्या शेपटांचा: १,९४० फाइली, प्रत्येकी दोनशे बाइटांच्या आत. सगळ्यांचे शेवटचे चार बाइट `SEFT`. ही सॅमसंग फोनांची पद्धत. इथे पहिल्या बाइटांपेक्षा शेवटचे बाइट बोलके असतात, कारण यादी मागून वाचायची असते. आत वाचता येईल असा मजकूर होता:

```
Image_UTC_Data1728790327415
MCC_Data404
```

४०४ हा भारताच्या मोबाइल जाळ्यांचा देश-क्रमांक. वरचा तेरा आकडी अंक १९७० पासूनच्या मिलिसेकंदांचा. मोडून पाहिला तर १३ ऑक्टोबर २०२४, आपल्या वेळेनुसार सकाळचे ९ वाजून २ मिनिटं ७ सेकंद.

आता गंमत अशी, की आम्ही फोटो सल्लागारांच्या गटात पाठवताना एक्झिफ पुसतो. बागेचं ठिकाण आणि वेळ बाहेर जाऊ नये म्हणून ती पायरी मीच लिहिली आहे. ती पायरी पुढचे खण काढते आणि `FF D9` नंतरचं सगळं जसंच्या तसं नकलते. ठिकाण गेलं, पण वेळ आणि देश शेपटात बसून बाहेर पडले. कुणाचं नुकसान झालं नसेल, पण पुसलं असं आम्ही लोकांना सांगत होतो आणि ते पूर्ण खरं नव्हतं.

ताईंना फोन केला. बागायतदारांशी बोलणं आणि सल्लागारांचं वेळापत्रक त्याच सांभाळतात. त्या म्हणाल्या, "अरे, मग परवाचा तो वाद मिटेल की. फोटो पावसाआधीचा की नंतरचा, यावर ते काका अडून बसलेत. एक्झिफमध्ये तारीखच नाही म्हणे." काढून दिली. पण सोबत हेही सांगितलं, की हा अंक साध्या हेक्स एडिटरमध्ये कुणीही बदलू शकतं, त्यावर कसली सही नसते. वेळ कळायला तो चांगला, पुरावा म्हणून एकटा उभा राहणार नाही.

उरलेल्या ३५ फाइलींची कथा थोडक्यात. ३१ शेपटं निव्वळ शून्यांची आणि प्रत्येक फाइलची एकूण लांबी ४०९६ च्या पटीत. दोष माझाच. तुटलेलं अपलोड पुढे चालू करण्याच्या कोडमध्ये मी जागा आधीच गोल आकड्यात राखून ठेवत होतो आणि शेवटी फाइल खऱ्या लांबीला कापत नव्हतो.

शेवटच्या चारांनी मात्र जीव वरखाली केला. शेपटाचा पहिला बाइट `<`. चित्राच्या मागे `<?php` चिकटवून अपलोड करायचं आणि सर्व्हरकडून ते चालवून घ्यायचं, ही जुनी युक्ती आहे. पुढे वाचलं तर `<br /><b>Warning</b>`. आमच्या जुन्या संकेतस्थळावरून उतरवलेले फोटो होते. तिथली पीएचपी चित्र पाठवून झाल्यावर स्वतःची तक्रारही त्याच फाइलीत ओकत होती. खरंच कोड असता तरी नुसता पडून राहिल्याने काही होत नाही. अपलोडच्या फोल्डरमधली फाइल सर्व्हरने चालवायला घेतली तरच तो जिवंत होतो. आमच्याकडे ते फोल्डर चालवण्याच्या यादीत नाही, हे तरीही दोनदा तपासलं.

२३ ऑक्टोबर

आता पीएनजी. ५८५ फाइली, जवळजवळ सगळे स्क्रीनशॉट: हवामानाचा अंदाज, औषधाच्या बाटलीवरच्या माहितीचं पान आणि वार्षिक वर्गणी भरल्याच्या पावत्या.

पीएनजीचा शेवट शोधणं जेपेगपेक्षा सोपं. सुरुवातीला आठ बाइटांची ठरलेली खूण. मग तुकडे: चार बाइट लांबी, चार बाइट नाव, डेटा, आणि चार बाइट पडताळणी. शेवटच्या तुकड्याचं नाव `IEND`. त्यात डेटा नसतोच, म्हणून तो प्रत्येक फाइलीत अगदी सारखा दिसतो:

```
00 00 00 00 49 45 4E 44 AE 42 60 82
```

५८५ पैकी ९ फाइलींना शेपूट. नऊही एकाच खात्यावरून, निफाड तालुक्यातल्या एका नानांच्या. कबुली कुठेच नाही.

पहिलीच घेतली. वर्गणीची पावती, अरुंद पट्टीसारखी कापलेली, त्यात फक्त व्यवहार क्रमांक आणि रक्कम. फाइल ४,१२,६०८ बाइटांची. `IEND` संपतो ९६,२१४ वर. मागे ३,१६,३९४ बाइट. एवढ्याशा पट्टीला तिच्या तिपटीहून मोठं शेपूट!

शेपटाचे पहिले बाइट निरर्थक, कुठल्याच ओळखीच्या फाइलीची सुरुवात नाही. पण शेवटचे बारा बाइट पाहिले आणि थबकलो. तेच `IEND`, पुन्हा. मधे दर थोड्या अंतराने `00 00 20 00 49 44 41 54`, म्हणजे ८१९२ बाइटांचे `IDAT` तुकडे, पीएनजीतल्या चित्राच्या डेटाचे. सुरुवात नसलेलं पण शेवट असलेलं एक पीएनजी. अर्थ एकच निघतो: आधी इथे मोठी फाइल होती, तिच्यावर छोटी फाइल लिहिली गेली, आणि लिहिणाऱ्याने उरलेलं टोक कापलं नाही. मोठ्या पाटीवर नवं लिहिताना फक्त वरचा भाग पुसावा, तसं.

हा प्रकार २०२३ च्या मार्चमध्ये जगभर गाजला होता. सायमन ॲरन्स आणि डेव्हिड ब्युकॅनन यांनी दाखवून दिलं, की गूगलच्या पिक्सेल फोनांतलं मार्कअप हे कात्री लावण्याचं साधन कापलेला स्क्रीनशॉट मूळ फाइलीवरच लिहीत होतं आणि जुनं टोक मागे राहत होतं. त्या दोषाचा क्रमांक CVE-2023-21036. मूळ अगदी साधं: अँड्रॉइड १० पासून फाइल `w` या पद्धतीने उघडली तर ती आपोआप रिकामी होईनाशी झाली, त्यासाठी `wt` लिहावं लागू लागलं. ते बदलायचं राहून गेलं. लगेचच विंडोजच्या स्निपिंग टूलमध्येही तसंच सापडलं, CVE-2023-28303. दोन्ही दुरुस्त झाले, पण दुरुस्तीआधी कापलेल्या फाइली जिथे पडल्या आहेत तिथे तशाच आहेत. दुरुस्ती फोनमध्ये होते, पाठवून झालेल्या फाइलीत नाही.

नानांचा स्क्रीनशॉट कशाने कापला गेला हे फाइल सांगत नाही. खूण मात्र त्याच जातीची आहे.

२४ ऑक्टोबर

या शेपटातून खरंच काही परत मिळतं का, हा प्रश्न. नानांच्या फाइलीवर प्रयोग करणार नाही, तो त्यांचा बँकेचा पडदा आहे. स्वतःच्या फोनचा स्क्रीनशॉट घेतला, १०८० रुंद, २४०० उंच. त्याची वरची पट्टी कापून वेगळी फाइल केली आणि चूक मुद्दाम घडवली:

```python
with open("full.png", "r+b") as f:
    f.write(open("crop.png", "rb").read())
```

`r+b` फाइल रिकामी करत नाही. झालं, अगदी तसंच दोन `IEND` वालं पिल्लू तयार.

परत मिळवण्यातली अडचण अशी. पीएनजीतला चित्राचा डेटा हा डिफ्लेट पद्धतीने दाबलेला एकच लांब प्रवाह असतो. तो 'मागे इतक्या अंतरावर जे आलं होतं तेच पुन्हा' अशा भाषेत बोलतो आणि मागे जास्तीत जास्त ३२,७६८ बाइट पाहतो. आपल्याकडे प्रवाहाचा पहिला भागच नाही. शिवाय तो बाइटच्या सीमेवर नाही, बिटच्या सीमेवर तुटू शकतो. पण हा प्रवाह गठ्ठ्यागठ्ठ्यांत असतो आणि प्रत्येक गठ्ठा सहसा आपल्या सुरुवातीला स्वतःची सांकेतिक तक्ती घेऊन येतो. तेव्हा गठ्ठ्याची एक खरी सुरुवात सापडली की तिथून पुढचं उलगडता येतं.

केलं असं. शेपटातला पहिला `IDAT` शोधला. त्याच्या लांबीआधीचे चार बाइट आधीच्या तुकड्याच्या पडताळणीचे, ते टाकले, त्याआधीचा अर्धवट भाग ठेवला. पुढच्या सगळ्या तुकड्यांतून फक्त डेटा काढून एकामागे एक जोडला. मग एकेक बिट पुढे सरकत प्रत्येक जागी हे करून पाहिलं:

```python
d = zlib.decompressobj(wbits=-15, zdict=b"\0" * 32768)
out = d.decompress(shifted)
```

न दिसणाऱ्या मागच्या ३२,७६८ बाइटांच्या जागी शून्यं मानायची. चुकीच्या जागी सुरुवात केली की लवकरच त्रुटी येते, कारण तक्ती जुळत नाही. बहुतेक जागा पहिल्या काही बाइटांतच आपटल्या. एक जागा थेट शेवटपर्यंत गेली.

हाती आला नुसता बाइटांचा ढीग. १०८० ठिपके, प्रत्येकी चार बाइट, आणि ओळीच्या सुरुवातीला एक गाळणीचा बाइट, म्हणजे एक ओळ ४,३२१ बाइटांची. गाळणीचा बाइट फक्त ० ते ४ असतो. तेव्हा दर ४,३२१ बाइटांनी ० ते ४ मधलाच आकडा कुठे येतो ते शेवटाकडून मोजलं आणि ओळी जुळल्या. सुरुवातीच्या काही ओळींचे रंग विचित्र होते, कारण गाळणी वरच्या ओळीवर अवलंबून असते आणि वरची ओळ आपल्याकडे नाही. थोडं खाली आल्यावर स्वच्छ. माझ्या पडद्याचा खालचा बराच भाग वाचता येत होता, दूधवाल्याला पाठवलेल्या पैशांसकट.

मर्यादाही दिसली. दुसऱ्यांदा अगदी थोडंसं कापून प्रयोग केला. तेव्हा नवी फाइल जवळजवळ जुनीइतकीच मोठी झाली आणि शेपूट नावापुरतं उरलं. त्यातून गठ्ठ्याची एकही सुरुवात मिळाली नाही, म्हणजे काहीच परत आलं नाही. जितकं जास्त कापावं, तितकं जास्त मागे राहतं. ज्याला जास्त लपवायचं होतं त्याचंच जास्त उघडं पडतं.

२८ ऑक्टोबर

दिवाळीआधी निर्णय घ्यायचे म्हणून ताई आणि सल्लागार सर ऑफिसला आले. सरांचा पहिला प्रश्न, "कापल्याने फोटो खराब होणार का?" नाही. `FF D9` पाशी कापणं म्हणजे फोटो पुन्हा दाबणं नव्हे, चित्राच्या बाइटांना स्पर्शच होत नाही. वीस फोटोंचे कापण्याआधीचे आणि नंतरचे उलगडलेले ठिपके जुळवून दाखवले, एकही फरक नाही.

एक पेच मात्र आधीच अनुभवला होता. हलत्या फोटोचं शेपूट कापलं पण एक्सएमपीतली कबुली ठेवली, तर फोटो 'माझ्यामागे व्हिडिओ आहे' म्हणत राहतो. गॅलरी चालवण्याची खूण दाखवते आणि दाबल्यावर काहीच होत नाही. म्हणून दोन्ही एकत्र काढायचं:

```
exiftool -trailer:all= -xmp:all= pan.jpg
```

हे साधन मूळ फाइल `_original` नावाने बाजूला ठेवतं. ती उडवायला विसरलं तर सगळं मुसळ केरात.

ठरलं असं. येणाऱ्या जेपेगमधून चित्रफीत आणि बारकी शेपटं काढायची, `MPF` वालं मागचं चित्र राहू द्यायचं. पीएनजी पहिल्या खऱ्या `IEND` पाशी कापायची, अपवाद नाही. आणि ज्या शेपटाची ओळख पटत नाही, ते कापण्याआधी मला निरोप यावा. डोळे झाकून कापलं तर माझ्या ३१ शून्यांच्या फाइलींसारखे आपलेच दोष कधी दिसणार नाहीत.

डिस्कचं काय झालं, हे ताईंनी शेवटी विचारलंच. ७०२ चित्रफिती मिळून २.३ जीबी. ५२ मधले २.३. म्हणजे डिस्कसाठी सुरू केलेल्या कामातून डिस्क काही रिकामी झाली नाही. नवी डिस्क मागवली.

२९ ऑक्टोबर

नानांना फोन केला. कसं सांगावं याची मनात तीनदा उजळणी केली होती.

"नाना, तुम्ही पावती पाठवताना वरची पट्टी कापून पाठवता ना?"

"हो, बाकीचं कशाला दाखवायचं?"

"ते बाकीचं फाइलीत मागे राहतंय. आम्ही उघडून पाहिलं नाही, पण पाहता येऊ शकतं."

थोडा वेळ शांत. मग म्हणाले, "मग मी ती औषधवाल्याला पण पाठवतो, त्याचं काय?" हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. विचारलं, कशावरून पाठवता? व्हॉट्सॲपवरून, फोटो म्हणूनच. मग तिथे नव्याने दाबली गेली असणार, शेपूट त्याच्यापर्यंत पोचलं नसणार. ईमेलने किंवा डॉक्युमेंट म्हणून गेलेल्या तेवढ्या बघाव्या लागतील. फोनचं सॉफ्टवेअर अपडेट करायला सांगितलं. तोवर कापलेल्या चित्राचा पुन्हा एक स्क्रीनशॉट घेऊन तो पाठवायचा, कारण ती अगदी नवी फाइल असते. नाना म्हणाले, नातवाला सांगतो.

४ नोव्हेंबर

भाऊबीज उरकून आजपासून नवी पायरी सर्व्हरवर सुरू. दुपारपर्यंत १४६ फोटो आले. ३८ शेपटं कापली, ओळख न पटलेलं एकही नाही. सगळ्या जुन्या फाइलींवरूनही तीच पायरी फिरवली. नानांच्या नऊ पावत्या आता पट्टीएवढ्याच आहेत, पहिली बरोबर ९६,२१४ बाइट.

संध्याकाळी कपाटातली बॅकअपची हार्डडिस्क आठवली. सप्टेंबरअखेरची प्रत, त्यात नऊपैकी सात पावत्या आणि सहाशेच्या वर चित्रफिती जशाच्या तशा. ती उद्या घरी नेतो. लूप त्यावर चालायला पुन्हा एक रात्र जाईल.